‘असंच’ला ‘ओके’ नको

ताई,
मी २५ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. यंदा पहिल्यांदाच ढोल-ताशा पथकात आले आहे, ढोल वाजवते. पथकात एक मुलगा ताशा वाजवतो, तो मला फार आवडतो. आमचं बोलणं सरावापुरतंच. एकदा त्याने माझ्या ढोलाची दोरी ताणून दिली होती, तेवढंच. गेल्या गुरुवारी रात्री १०.४० ला त्याचा फोन येऊन गेला. साधा फोन, एकदाच. माझा फोन सॅकमध्ये सायलेंटवर होता, मी ११.२० ला पाहिला. चार मैत्रिणींना विचारून शेवटी व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘हाय, फोन केला होतास?’ तो म्हणाला, ‘हो अगं, काही नाही, असंच.’ मी ‘ओके’ लिहून अंगठा टाकला. संपलं. आज आठ दिवस झाले. मी काय लिहायला हवं होतं, म्हणजे थोडी गंमतही झाली असती आणि गप्पाही सुरू झाल्या असत्या? आणि आता काही करता येईल का?
— ढोलवाली

प्रिय ढोलवाली,

तुझं पत्र वाचताना मी ‘असंच’ या शब्दापाशी थांबले आणि पुढचं वाचायच्या आधीच मनात म्हटलं, आता हिने ‘ओके’ लिहिलेलं नसू दे. लिहिलंस. पण त्याने काही बिघडलेलं नाही. आता करता येण्याजोगं आहे, ते मी शेवटी सांगते. आधी त्या गुरुवारकडे नीट बघू, कारण पुढचा मेसेज त्यातूनच निघणार आहे.

त्याचा फोन तू तटस्थपणे वाच. रात्री पावणेअकराच्या सुमाराला, सराव आटोपल्यावर, साधा फोन, एकदाच, आणि मागे मेसेज नाही. कामाचा फोन सहसा असा नसतो. काम असेल तर माणूस पाच मिनिटांत पुन्हा लावतो, किंवा ‘फोन कर’ असं लिहून ठेवतो. काही फोनच्या नोंदीत रिंग किती वेळ वाजली तेही दिसतं. तुझ्या फोनवर दिसत असेल तर बघ. आपल्याकडे मोबाइलवरचा न उचललेला फोन साधारण ३० सेकंद वाजतो आणि मग आपोआप बंद होतो. पूर्ण वेळ वाजला असेल तर तो वाट बघत होता. दोन-तीन सेकंदांत कापला असेल तर एकतर चुकून लागला, नाहीतर लावल्या लावल्या त्याचं धाडस गळालं. आणि हे दोन्ही फोनच्या नोंदीत अगदी सारखेच दिसतात.

आणखी एक शक्यता मी मुद्दाम सांगते, कारण ती तुझ्या मनात येणार नाही. सराव उशिरा संपतो तेव्हा नवीन मुली घरी पोचल्या का, हे विचारायचं काम बऱ्याच पथकांत जुन्या कुणाकडे तरी दिलेलं असतं. तो जुना असेल तर हा फोन त्या यादीतलाही असू शकतो. तसं असेल तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त तुझा मेसेज असा हवा, की यातलं कुठलंही कारण खरं निघालं तरी तो अवघडणार नाही आणि तूही पडणार नाहीस. मिस्ड कॉलला द्यायच्या खेळकर उत्तराची खरी कसोटी ही आहे. त्याचा फोन कशासाठी होता हे तुला ठाऊक नसताना तू लिहिते आहेस.

म्हणूनच तुझ्या चार मैत्रिणींपैकी एकीने तरी ‘काय रे, आठवण येते वाटतं माझी?’ असं सुचवलं असणार, आणि ते तू लिहिलं नाहीस हे बरंच केलंस. ती ओळ ऐकायला गोड आहे, पण समोरच्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करते. आठवण येत असेल तर त्याला एका फटक्यात सगळं कबूल करावं लागतं, येत नसेल तर तुझ्या तोंडावर नाही म्हणावं लागतं. ज्याची अजून नीट ओळख नाही, तो अशा वेळी ‘हाहा’ लिहून सुटका करून घेतो. ‘हाहा’च्या पुढे काय लिहिणार तू?

तुझी ओळ, ‘हाय, फोन केला होतास?’, दुसऱ्या टोकाला गेली. चूक काही नाही तिच्यात, पण बँकेतूनही असाच मेसेज येऊ शकतो. त्यात तू कुठेच नाहीस, तोही नाही. शिवाय फोन केला होता हे दोघांनाही माहीत आहे, त्यामुळे त्या प्रश्नाला ‘हो’ यापलीकडे उत्तरच नाही. त्याने तरी ‘असंच’ असं जोडून तुला काहीतरी दिलं.

मी तुझ्या जागी त्या रात्री ११.२० ला हे लिहिलं असतं:

‘फोन सॅकमध्ये होता आणि कानात अजून तुझा ताशा वाजतोय, म्हणून तुझाच फोन हुकला 🙂 काम होतं, की असंच?’

हे वाचून तुला वाटेल, एवढंच? एवढंच. पण बघ काय काय झालंय त्यात. फोन का घेतला नाही हे सांगितलं, आणि ते खरं आहे. खोटं कारण देऊ नकोस. तुम्ही एकाच मैदानावर होतात, त्याने तुला सॅक उचलून निघताना पाहिलंही असेल. मग त्या कारणात त्याला ओढून घेतलं: दोष त्याच्या ताशाचा. मराठीत आवडत्या माणसाशी बोलायची जुनी रीत ही चिडवण्याची आहे, आणि चिडवायचं ते नेहमी त्याला ज्याचा अभिमान आहे अशा गोष्टीवरून. ताशा वाजवणाऱ्याला ‘तुझा ताशा अजून कानात आहे’ म्हटलं की ती तक्रारही होते आणि कौतुकही. त्यातलं काय उचलायचं ते तो ठरवेल. दिसण्यावरून, पगारावरून, किंवा मागे पडलेल्या हातावरून चिडवायला अजून खूप वेळ आहे. ती सलगी आधी मिळवावी लागते. (आणि कान खरंच रोज वाजत असतील तर सरावाला इअरप्लग घालत जा. हे मी मेसेजपुरतं सांगत नाहीये.)

मग तो शेवटचा प्रश्न. ‘काम होतं, की असंच?’ याला एका शब्दात उत्तर देता येतं, अंगठ्याने, रिक्षात बसल्या बसल्या. दोन दारं उघडी आहेत. कामाचं दार पूर्ण सन्मानाचं आहे, त्यातून तो न लाजता बाहेर पडू शकतो. आणि ‘असंच’ हा शब्द तू आधीच उच्चारून ठेवल्यामुळे, त्याला तो म्हणायला फारसं धाडस लागत नाही.

हसरा चेहरा एकच टाकायचा. डोळे मिचकावणारा नको, तो या टप्प्यावर तुझ्या ओळीपेक्षा मोठ्याने बोलतो. आणि तुम्ही दोघं एरवी मराठी ज्या लिपीत टाइप करता त्याच लिपीत लिही. एरवी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणारी मुलगी एकदम शुद्ध देवनागरीत आली, की मेसेज घासूनपुसून ठेवल्यासारखा दिसतो.

फोन करायचा की मेसेज, हेही सांगते. त्याचा फोन येऊन दहा-पंधरा मिनिटंच झाली असतील तर सरळ फोन लावावा. तेवढ्यात तो अजून त्याच मनःस्थितीत असतो. ४० मिनिटांनी, रात्री ११.२० ला, मेसेज बरा. त्याच्या घरी आईवडील झोपले असतील, खोलीत दुसरा कुणी असेल. फोन लावलाच तर एकदाच. माझ्या भाचीने असाच एक हुकलेला फोन पाहिला आणि उत्साहाच्या भरात लागोपाठ तीनदा फोन लावला. तो मुलगा आंघोळीला गेला होता. बाहेर येऊन त्याने तीन मिस्ड कॉल पाहिले आणि त्याला वाटलं हिचा अपघात वगैरे झालाय. तो घाबरून बोलायला लागला, ती ओशाळली, आणि त्या दिवशी गंमत काही होऊ शकली नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. गप्पा पहिल्या मेसेजने सुरू होत नाहीत. पहिला मेसेज फक्त कडी काढतो. गप्पा सुरू होतात त्या त्याच्या उत्तरावर तू जे लिहितेस त्याने. तुम्हा मुलींचा, आणि मुलांचाही, सगळा जीव पहिल्या ओळीत अडकलेला असतो. चार जणींना विचारून ती ओळ होते, ती पाठवली की हुश्श म्हणून फोन उशाला ठेवता, आणि मग खरं उत्तर आलं की हातात काहीच नसतं. म्हणून ‘ओके’ येतं. तेव्हा पहिली ओळ पाठवायच्या आधीच, तो काय काय म्हणू शकेल आणि त्यावर आपण काय म्हणू, याचा विचार करून ठेव.

तो ‘असंच’ म्हणाला, जसं तो म्हणाला. मराठीत ‘असंच’ला ठरलेला अर्थ नाही. दुकानात विचारलं, काय हवंय, आणि आपण ‘असंच बघतेय’ म्हटलं तर त्याचा अर्थ एक. रात्री पावणेअकराला कुणी कुणाला ‘असंच’ फोन करतं तेव्हा त्याचा अर्थ वेगळा, आणि तो सांगणाऱ्यालाही पुरता माहीत नसतो. तो अर्थ त्याच्याकडून काढून घ्यायचा नाही, त्याला दोन-तीन अर्थ पुढे ठेवून निवडू द्यायचं:

‘असंच म्हणजे? घरी-पोचलीस-का वालं असंच, की झोप-येत-नाहीये वालं असंच?’

बघ, यात ‘आठवण’ हा शब्द कुठेच नाही आणि तरी सगळं आहे. त्याने पहिलं निवडलं तर त्याला तुझी काळजी होती हे त्याने सांगितलं. तू लिही, ‘पोचले. आणि तू? तुझं घर तर माझ्याहून लांब आहे.’ त्याने दुसरं निवडलं तर तो जागा आहे, आणि तूही. तिसरंच काही म्हणाला तर उत्तमच, कारण मग तो स्वतःहून बोलतोय. माझा अनुभव असा, की मुलं इथे बऱ्याचदा तिसरंच काही म्हणतात. ‘नाही गं, तुझा हात आज चुकत होता शेवटी, ते सांगणार होतो.’ यावर रुसू नकोस. रात्री पावणेअकराला हात चुकल्याचं सांगायला फोन केला, याचा अर्थ शेवटचे पंधरा मिनिटं तो तुझ्याकडे बघत होता. लिही, ‘म्हणजे तू स्वतःचा ताशा सोडून माझा ढोल ऐकत होतास?’ आणि मग खरंच विचार की काय चुकत होतं, कारण ते तुला खरंच हवं आहे.

तो ‘काम होतं’ म्हणाला, तर आधी काम. हे मी ठासून सांगते. रविवारचा सराव किती वाजता, पांढरा कुर्ता कुठून घ्यायचा, जे असेल त्याचं पूर्ण, नीट उत्तर दे. कामाच्या प्रश्नावर गंमत करत बसलं की समोरच्याला वाटतं, हिच्याशी सरळ बोलताच येत नाही. उत्तर दिल्यावर एक ओळ, एकच, खेळकर जोड: ‘रविवारी सहाला. ग्रुपवर टाकलंय सरांनी, पण मला विचारलंस ते बरं केलंस.’ ग्रुपवर असलेली गोष्ट त्याने फोन करून विचारली, याचा अर्थ तू मनात लावलास तर लाव. त्याला मात्र पकडल्यासारखं करू नकोस. तो ओळीतलं ‘बरं केलंस’ वाचेल आणि त्याला जे कळायचं ते कळेल.

तो ‘सॉरी, चुकून लागला’ म्हणाला, तर ही सगळ्यांत अवघड जागा. चुकून लागलेला फोन खरंच चुकून लागलेला असू शकतो. यादीत एकाखाली एक नावं असतात, खिशात स्क्रीन उघडी राहते. आणि चुकून लागला म्हणणारा लाजूनही तसं म्हणत असतो. दोन्हीला चालेल असं एकदाच लिही: ‘चालतंय. लागलाच आहे तर सांग, आज तू दोन काड्या मोडल्यास म्हणे?’ म्हणजे त्या दिवशी मैदानावर जे खरं घडलं त्यातलं काही. त्याने त्यावर बोलायला घेतलं तर चूक विसरली गेली. त्याने ‘हो’ एवढंच लिहिलं तर तू ‘शुभ रात्री’ म्हण आणि झोप. तुझं काहीही गेलेलं नाही.

आणि उत्तर आलंच नाही तर? टिका निळ्या झाल्या नाहीत यावरून काही ठरवू नकोस, बरेच जण ते बंद ठेवतात. मागून ‘?’ पाठवू नकोस. मेसेज पुसूही नकोस, पुसल्याची खूण त्याच्या स्क्रीनवर राहते आणि ती मेसेजपेक्षा जास्त सतावते. टायपिंगची चूक राहिली असेल तर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येते, तेवढी कर. दुसऱ्या दिवशी सरावाला जा आणि एरवी बोलतेस तसं बोल.

गप्पा सुरू झाल्या की त्या पहिल्या रात्री लांबवायच्या नाहीत, असं मला वाटतं. पंधरा-वीस मिनिटं झाली, दोघंही हसताहेत, तिथेच उठावं. ‘बाकीचं उद्या, ढोल ताणताना’ असं म्हणून. विषय संपेपर्यंत ओढलं की शेवटी ‘बाकी काय?’ ‘काही नाही, तू बोल’ येतं, आणि दुसऱ्या दिवशी समोरासमोर आलात तर दोघांनाही तेच आठवतं. मधेच उठलात तर त्याला उद्या तुझ्याकडे यायला निमित्त राहतं.

माझ्या पिढीला मिस्ड कॉल म्हणजे काय हे तुला सांगायला हवं, कारण तुझ्या आताच्या मेसेजला त्याचा उपयोग आहे. भारतात १९९५ मध्ये मोबाइल आला तेव्हा करायच्या फोनचे तर पैसे पडतच, येणाऱ्या फोनचेही पडत. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले, तरी करायचे फोन कॉलेजच्या पोरांना परवडत नव्हते. मग आम्ही ‘मिस्ड कॉल द्यायचो’. एक रिंग म्हणजे पोचले. दोन म्हणजे खाली ये. आणि ठरलेलं काही नसताना रात्री आलेली एक रिंग, तिला उत्तर म्हणून तिकडून परत एक रिंग यायची. फोन कुणी उचलायचा नाही असं न बोलता ठरलेलं असायचं, त्यात एकही पैसा जायचा नाही आणि बोलणंही व्हायचं. वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवरची मैत्रीण उशीखाली फोन ठेवून त्या एका रिंगची वाट बघायची, आणि ती आली की कूस बदलून झोपायची. मिस्ड कॉलला परतफेड असते, हे तेव्हापासून आमच्या हाडात मुरलेलं आहे. तुझ्याकडे त्याच्या एका फोनची परतफेड आठ दिवस राहिलेली आहे.

म्हणून आता तू हे लिही:

‘त्या गुरुवारचा तुझा एक फोन माझ्याकडे उधार राहिलाय. व्याज चढायच्या आत फेडायचा म्हणते. आज सरावानंतर, की उद्या सकाळी?’

आठ दिवसांनी मागचं काढलं तर विचित्र दिसेल, अशी भीती तुला वाटेल. उधारीचं आपल्याकडे कुणाला विचित्र वाटत नाही, कितीही दिवसांनी आठवली तरी. शिवाय तू त्या ‘ओके’ची सफाई देत नाहीयेस. ‘मी त्या दिवशी थकले होते म्हणून असं लिहिलं’ वगैरे अजिबात लिहू नकोस, त्याच्या ते लक्षातही नसेल. तू फक्त त्याची जी एक गोष्ट तुझ्याकडे राहिली ती परत करते आहेस. मेसेजच्या शेवटी दोन वेळा आहेत, त्यातली एक निवडणं म्हणजे हो म्हणणं. ‘कधी बोलूया?’ असं उघडं विचारलंस तर ‘बघू’ येतं.

पाठवायची वेळ संध्याकाळी, सरावाला निघायच्या तासभर आधी. मग उत्तर देऊन तो तुला लगेच भेटणार असतो, आणि नाही दिलं तरी रात्रभर फोनकडे बघत बसायची पाळी तुझ्यावर येत नाही. मेसेज त्याला एकट्याला जायला हवा. पथकाच्या ग्रुपवर त्याला चिडवू नकोस, गंमत म्हणूनसुद्धा. शंभर माणसांसमोर चिडवलेला मुलगा तुझ्याशी खाजगीत बोलायलाही बिचकतो, आणि मिरवणुकीपर्यंत बाकीचे सोडत नाहीत. त्याच कारणासाठी, या वेळी त्याच्या उत्तराचा स्क्रीनशॉट चार मैत्रिणींना पाठवू नकोस. चौघींच्या चार ओळी आल्या की तू त्यांच्या मताने लिहायला लागतेस, आणि तो बोलत असतो एका पंचायतीशी. त्याने जे तुला लिहिलं ते त्याने तुला लिहिलं आहे.

त्याने ‘फेड की’ असं काही लिहिलं, तर फोन तू लाव. उधार तुझं आहे. ठरलेल्या वेळी, पाच मिनिटंही उशीर न करता. आणि त्याने उचलल्यावर पहिलं वाक्य तयार ठेव, कारण आवाज ऐकल्यावर सगळं विसरतं: ‘हं, आता सांग, त्या दिवशीचं असंच म्हणजे कुठलं असंच?’ याचं उत्तर तो आठ दिवस स्वतःशी देत असेल, अशी मला फार आशा आहे.

त्याने ‘अगं राहू दे, काही नव्हतं’ असं लिहिलं, तर एकदा हसून ‘बरं, उधारी माफ’ म्हण आणि सोड. हा तुझा दुसरा प्रयत्न असेल. दोनदा दार वाजवून ते उघडलं नाही तर तिसऱ्यांदा वाजवायचं नाही, त्याने स्वतःहून काही म्हणेपर्यंत. पथकात अजून महिनाभर तुम्हाला एकाच रांगेत उभं राहायचंय, आणि तू ढोल वाजवायला आली आहेस. ते त्याच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नकोस. हे मी कुठल्याही मुलालाही असंच सांगितलं असतं, किंबहुना जास्त कडक शब्दांत.

आणि जर तो ‘सरावानंतर’ म्हणाला, तर फोन तसाच राहू दे आणि त्याला चहाला घेऊन जा. मैदानाबाहेरच्या टपरीवर, जिथे सगळेच थांबतात तिथे, म्हणजे कुणाचं लक्ष जाणार नाही. फक्त ढोल आत ठेवून झाल्यावर विचार. आधी विचारलंस तर त्याच्या खांद्यावर ताशा असेल, एका हातात कुणाचा तरी ढोल असेल, आणि तो गडबडीत पुन्हा एकदा ‘काही नाही, असंच’ म्हणून बसेल.

तुझी,
ताई